चंद्रावरचं संत्रं: परिपाठातल्या एका भाषणाचं प्रकरण

आमची शाळा जुन्नर तालुक्यात. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या जाळीदार डिश आमच्या मुलांना नवलाच्या नाहीत. कांद्याच्या शेतातून मान वर केली की काहींना एखादी दिसतेच, आणि 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आमचा एखादा वर्ग तिथलं प्रदर्शन बघायला जातो. गेल्या वर्षी तिथून परतल्यावर नववीतली एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. "सर, मला परिपाठात ब्लॅक होलच्या पहिल्या फोटोवर बोलायचंय. तो का महत्त्वाचा आहे, यावर."

प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, दिनविशेष असा सगळा परिपाठ पंधरा-वीस मिनिटांत उरकायचा असतो. भाषणाला त्यात पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. ऐकायला पाचवीपासून दहावीपर्यंतची मुलं, मैदानात मांडी घालून बसलेली, ऊन तोंडावर. त्या पाच मिनिटांसाठी आम्ही दोन आठवडे घालवले. त्यात काय झालं, काय चुकलं आणि शेवटी काय हाती लागलं, ते इथं सविस्तर लिहितो.

पहिला मसुदा

सुरुवात नेहमीचीच होती: "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो." मग ब्लॅक होल हा सगळं गिळणारा राक्षस कसा आहे ते आलं. त्यानंतर मुख्य वाक्य: "10 एप्रिल 2019 रोजी शास्त्रज्ञांनी एका महाकाय दुर्बिणीतून ब्लॅक होलचा पहिला फोटो काढला आणि आइन्स्टाइनचा सिद्धांत सिद्ध झाला. संपूर्ण मानवजातीसाठी हा अभिमानाचा क्षण होता."

या वाक्याशी आम्ही पहिला पूर्ण तास बसलो. 10 एप्रिल 2019 हा चित्र जगासमोर ठेवल्याचा दिवस. निरीक्षणं झाली त्याच्या दोन वर्षं आधी, 2017 च्या एप्रिलमध्ये 5, 6, 10 आणि 11 या चार रात्री. दुर्बीण एक नव्हती; चिली, मेक्सिको, ॲरिझोना, हवाई आणि स्पेन इथल्या दुर्बिणी एकाच वेळी एकाच बिंदूकडे वळवल्या होत्या, आणि त्या सगळ्यांना मिळून इव्हेंट होरायझन टेलिस्कोप हे नाव आहे. चित्रात दिसतं ते कृष्णविवर नाही, त्याची सावली आहे. आणि सिद्धांत एका चित्रानं सिद्ध होत नाही, तो आणखी एका परीक्षेत टिकतो.

उरलं अभिमानाचं वाक्य. तिथं मी तिला माझी जुनी कसोटी सांगितली. वाक्यातला विषय काढून त्या जागी चांद्रयान घालून बघ. वाक्य तसंच उभं राहिलं तर ते तुझ्या विषयाचं वाक्य नाही. तिनं वहीत बघितलं आणि स्वतःच रेघ मारली.

मग मी तिला एकच प्रश्न घरी नेऊ दिला: हे चित्र आलंच नसतं तर आपल्याला नेमकं काय कळलं नसतं?

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "कृष्णविवर खरंच असतं, हे कळलं नसतं." उत्तर वाईट नव्हतं, पण पुरेसं नव्हतं. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी तारे कुठल्यातरी न दिसणाऱ्या जड वस्तूभोवती फिरताना खगोलशास्त्रज्ञ कित्येक वर्षं बघत होते. 2015 मध्ये दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या गेल्या होत्या. 2019 उजाडेपर्यंत या क्षेत्रातल्या फारच थोड्या लोकांना कृष्णविवरांच्या अस्तित्वाबद्दल शंका होती. मग या चित्रानं नवं काय दिलं? शोधता शोधता आम्ही एका जुन्या मतभेदापाशी पोहोचलो, आणि माझ्या मते भाषणाचा खरा विषय तिथंच आहे.

एकाच वस्तूची दोन वजनं

चित्र ज्या कृष्णविवराचं आहे ते एम 87 नावाच्या दीर्घिकेच्या मध्यावर आहे. ही दीर्घिका कन्या राशीत, उत्तरा फाल्गुनीच्या पुढं, आपल्यापासून साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर. तिच्या मध्यातल्या या कृष्णविवराचं वजन चित्राच्या आधीच दोन रीतींनी काढलं गेलं होतं. एका गटानं मध्याजवळचे तारे किती वेगानं फिरतात ते मोजलं. त्यावरून वजन आलं सुमारे 620 कोटी सूर्यांइतकं. दुसऱ्या गटानं तिथं फिरणाऱ्या वायूचा वेग मोजला. वजन आलं 350 कोटी सूर्यांइतकं. दोन्ही गट जाणते, दोन्हीकडे चांगल्या दुर्बिणी, आणि उत्तरांत जवळजवळ दुपटीचा फरक. वायूच्या हिशेबात एक गृहीत होतं: वायू पातळ, सपाट चकतीत, स्वच्छ गोल कक्षांत फिरतोय. वायू तसा शिस्तीत फिरत नसेल तर वजन कमी भरतं. पण तो तसा फिरतोय की नाही, हे लांबून सांगणं अवघड होतं.

आता सावलीकडे येऊ. इथं आमचा आणखी एक तास गेला, कारण तिनं विचारलं, "सर, सावली कशावर पडलीय?" प्रश्न अगदी रास्त होता. सावली म्हटलं की आपल्याला भिंत लागते. इथं भिंत नाही. रात्री गोठ्याच्या दारात कोणी उभं असलं आणि मागं दिवा असला की आपल्याला माणूस दिसत नाही, त्याच्या आकाराचा काळोख दिसतो. तसाच हा प्रकार. कृष्णविवराभोवती तापलेला वायू चमकतोय, आणि मधल्या भागातून आपल्याकडे येऊ शकला असता तो प्रकाश गिळला गेलाय. दिव्याच्या उदाहरणात नसलेली गोष्ट एकच: कृष्णविवर आजूबाजूचा प्रकाश वळवतं. जो किरण अगदी जवळून जातो तो वळून आतच पडतो. त्यामुळे काळं वर्तुळ कृष्णविवराच्या सीमेपेक्षा, म्हणजे घटना क्षितिजापेक्षा, सुमारे 2.6 पट रुंद दिसतं. ही 2.6 पट आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून निघते. कृष्णविवर फिरत असेल किंवा आपण त्याच्याकडे तिरकं बघत असू, तरी हा आकडा फार थोडा बदलतो.

म्हणून सावलीची रुंदी हा जवळजवळ थेट वजनकाटा झाला. वजन दुप्पट, तर सावली दुप्पट रुंद. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. सूर्याइतक्या वजनाच्या कृष्णविवराचं क्षितिज सुमारे 6 किलोमीटर रुंद. 650 कोटी पट केलं की 3,900 कोटी किलोमीटर. त्याला 2.6 नं गुणलं की सावली साधारण 10,000 कोटी किलोमीटर, म्हणजे नेपच्यूनच्या कक्षेच्या सुमारे अकरा पट रुंद. आता ती इथून केवढ्या कोनाची दिसेल ते काढायला तिला अंतरानं भागायचं:

```
10^11 किमी ÷ (5.2 × 10^20 किमी) ≈ 1.9 × 10^-10
```

या कोनाचं मुलांना काय करायचं? अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात, कलेच्या साठाव्या भागाला विकला. विकलेचे दहा लाख भाग केले तर त्यातले साधारण 40 भाग, एवढा हा कोन. वर्गातल्या कुणालाच यातून काही दिसलं नाही, मलाही नाही. तेव्हा आम्ही उलटा प्रश्न घेतला: चंद्रावर कोणती वस्तू ठेवली तर ती इथून एवढ्या कोनाची दिसेल? चंद्र 3 लाख 84 हजार किलोमीटरवर. गुणाकार केला, उत्तर आलं सात-साडेसात सेंटिमीटर. मुलगी म्हणाली, "संत्रं!" मग तिनं स्वतःच दुसरा हिशेब केला. वजन 350 कोटी सूर्यांचं असतं तर? साधारण चार सेंटिमीटर. म्हणजे लिंबू.

भाषण त्या क्षणी जुळलं. दोन गट भांडत होते ते 620 कोटी की 350 कोटी यावर. चंद्रावर संत्रं आहे की लिंबू, एवढं पृथ्वीवरून ओळखता आलं की भांडण मिटणार होतं.

कंपाउंडची भिंत

ओळखणं म्हणजे काय हे अंगाला कळावं म्हणून आम्ही एक प्रयोग केला. संत्रं आणि लिंबू दोन्ही पांढऱ्या कागदात गुंडाळली, रंगानं ओळखू नये म्हणून. एक मुलगा कंपाउंडच्या भिंतीशी उभा राहिला आणि एका वेळी एकच वस्तू भिंतीवर ठेवत गेला. बाकीची मुलं रस्त्यानं मागं मागं सरकत "संत्रं", "लिंबू" सांगत राहिली. शंभर पावलांवर सगळे बरोबर. तीनशे पावलांवर निम्मी उत्तरं चुकायला लागली, म्हणजे आता ती नुसतीच अटकळ होती. वस्तू दिसत होती, पण केवढी आहे ते सांगता येत नव्हतं.

डोळ्याची मर्यादा तिथं येते. दुर्बिणीची मर्यादाही याच जातीची असते, आणि ती दोन गोष्टींवर ठरते: किती लांबीच्या लहरी पकडता आणि दुर्बीण किती रुंद आहे. लहरीची लांबी भागिले दुर्बिणीची रुंदी, इतका बारीक कोन ओळखता येतो. एम 87 साठी वापरलेल्या लहरी 1.3 मिलिमीटरच्या. संत्रं आणि लिंबू यांतला फरक कळायचा तर दुर्बीण जवळजवळ पृथ्वीएवढी रुंद हवी. तशी डिश कोण बांधणार? पण एकमेकींपासून लांब ठेवलेल्या दोन डिशनी एकाच वेळी तीच लहर टिपली आणि नंतर दोन्ही नोंदी जुळवल्या, तर त्या जोडीची नजर दोघींमधल्या अंतराइतक्या रुंद दुर्बिणीसारखी चालते. खोडदला हेच चालतं. तिथं 45 मीटरच्या 30 डिश साधारण 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत आणि त्यांचे संदेश फायबरनं एका इमारतीत येतात. विज्ञान दिनाला हे बघून आलेल्या मुलांना मी एवढंच म्हणालो, की हीच गोष्ट फायबरशिवाय आणि 10,700 किलोमीटरवर करायची आहे. खोडदची दुर्बीण या कामात नव्हती, तिच्या लहरी कितीतरी लांब आहेत. पण जोडीजोडीनं बघण्याची रीत तीच.

फायबर नसल्यामुळे प्रत्येक ठिकाणी अणुघड्याळ लावून नोंदी हार्ड डिस्कवर साठवल्या. त्या एवढ्या झाल्या की इंटरनेटवरून पाठवणं शक्य नव्हतं. डिस्क विमानानं जर्मनीतल्या बॉनला आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सला नेल्या, आणि तिथं नोंदी एकमेकींशी जुळवल्या.

बांगडी आणि कागदाची पट्टी

आता जो प्रश्न कोणत्याही चाणाक्ष मुलाला पडेल तो: पाच ठिकाणांच्या फक्त दहा जोड्या होतात. पृथ्वी फिरते म्हणून रात्रभरात प्रत्येक जोडीची दिशा थोडी बदलते, पण तरी बहुतेक माहिती गाळलेलीच. मग चित्रात सावलीभोवती उजेडाचं कडं दिसलं ते खरं कशावरून? शास्त्रज्ञांना कडंच हवं होतं म्हणून ते दिसलं नसेल कशावरून?

हा भाग भाषणात घ्यायचा नव्हता, तरी तिला स्वतःला तो कळायला हवा होता. तिनं हातातली बांगडी काढली. बांगडीची रुंदी सहा सेंटिमीटर. मी सांगितलं, असं समज की डिशची प्रत्येक जोडी आकाशावर खिडकीचे गज लावून बघते. जोडी जवळची असेल तर गज रुंद, लांबची असेल तर बारीक. आणि ती जोडी आपल्याला एवढंच सांगते, की गजांखाली किती उजेड आहे आणि मधल्या फटींत किती, या दोहोंत फरक किती.

आम्ही 4.2 सेंटिमीटर रुंदीची कागदी पट्टी बांगडीच्या मधोमध ठेवली आणि पट्टीखाली झाकलेला बांगडीचा परीघ दोऱ्यानं मोजला. बरोबर निम्मा. निम्मा आत, निम्मा बाहेर, फरक शून्य. मग पट्ट्या बारीक करत नेल्या. तेव्हा बांगडीच्या दोन्ही बाजूंचे उभे भाग एकेका पट्टीत लांबवर बसायला लागले आणि फरक पुन्हा दिसू लागला. मध्ये उजळ आणि कडेकडेला विरत जाणारा ठिपका घेतला तर असं होत नाही. पट्ट्या बारीक होतील तसा फरक कमी होत जातो आणि परत येत नाही.

एम 87 च्या नोंदींत नेमकं हे घडलं. दोन डिशमधलं अंतर, एम 87 कडून बघितलं तर, सुमारे 4,400 किलोमीटर होत होतं तिथं संदेश जवळजवळ शून्यावर आला, आणि त्याहून लांबच्या जोड्यांत पुन्हा वर गेला. चित्र काढायच्या आधीच, नुसत्या आकड्यांत, कडं बोलत होतं. आणि शून्य किती अंतरावर येतं, यावरून त्याच्या रुंदीचा अंदाजही येत होता.

तरी त्या लोकांनी स्वतःवर विश्वास ठेवला नाही, आणि या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. 2018 च्या जूनमध्ये त्यांनी आपसांत चार गट केले. चारही गटांना त्याच नोंदी दिल्या आणि सात आठवडे एकमेकांशी चित्राबद्दल एक शब्दही बोलायचं नाही असं ठरवलं. गटांच्या पद्धतीही एक नव्हत्या. जुलैअखेर सगळे एकत्र बसले, चार चित्रं शेजारी शेजारी ठेवली. चौघांचीही कडी, जवळपास सारख्या रुंदीची, खालची बाजू उजळ. त्यानंतर त्यांनी खोटी आकाशं तयार केली: एकात कडं, एकात चंद्रकोर, एकात भरीव चकती, एकात दोन ठिपके. आपली पद्धत चकतीचंही कडं करून दाखवत नाही ना, हे तपासलं. चकतीची चकतीच आली.

भाषण

ठरल्या दिवशी ती समोर उभी राहिली, एका हातात संत्रं, दुसऱ्यात लिंबू. भाषण तिच्या वहीतून जसंच्या तसं देतो.

"नमस्कार. असं समजा, की मी हे संत्रं चंद्रावर ठेवलं आणि तुम्ही इथं मैदानात बसून सांगायचं आहे, की तिथं संत्रं आहे की लिंबू. गेल्या आठवड्यात आम्ही ही दोन्ही आपल्या भिंतीवर ठेवली होती. तीनशे पावलांवर आम्ही चुकायला लागलो. चंद्र तर लाखो किलोमीटर लांब.

कन्या राशीत एम 87 नावाची एक दीर्घिका आहे. तिच्या मध्यावर एक कृष्णविवर आहे. त्याचं वजन किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद होता. काही म्हणत, 620 कोटी सूर्यांइतकं. काही म्हणत, 350 कोटी. कृष्णविवर प्रकाश गिळतं, म्हणून त्याच्याभोवतीच्या उजेडात एक काळा गोल दिसतो. त्याला सावली म्हणतात. कृष्णविवर जड असेल तर सावली मोठी, हलकं असेल तर लहान. पहिल्यांचं खरं असेल तर सावली चंद्रावरच्या या संत्र्याएवढी दिसायला हवी. दुसऱ्यांचं खरं असेल तर या लिंबाएवढी.

म्हणून पाच ठिकाणच्या दुर्बिणी एकाच वेळी तिकडे वळवल्या. आपण खोडदला बघितलं तसं, सगळ्या मिळून एक मोठी दुर्बीण झाली. 2017 साली निरीक्षण केलं. चित्र काढायला चार वेगळे गट केले, आणि त्यांनी एकमेकांशी सात आठवडे बोलायचं नाही असं ठरवलं, म्हणजे एकाचं बघून दुसऱ्याला तेच दिसायला नको. चौघांनाही एक कडं दिसलं. ते कडं केवढं होतं?"

इथं ती थांबली. हे आम्ही ठरवलं नव्हतं. मैदानातून ओरडा आला, बहुतेक "संत्रं", काही "लिंबू". तिनं संत्र्याचा हात वर केला.

"संत्र्याएवढं. वजन निघालं 650 कोटी सूर्यांचं. आता हे महत्त्वाचं का? ताऱ्यांवरून वजन काढलं ते कृष्णविवरापासून शेकडो प्रकाशवर्षं दूर फिरणारे तारे बघून. सावलीवरून काढलं ते अगदी त्याच्या उंबरठ्यापाशी. ही सावली ओलांडायला प्रकाशाला चार दिवससुद्धा लागत नाहीत. इतक्या लांबून आणि इतक्या जवळून मोजलं आणि वजन जुळलं. याचा अर्थ, आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम तिथं, सगळ्यात कठीण जागीसुद्धा, मोजता येण्याइतपत चुकलेला नाही. लिंबू निघालं असतं तर ताऱ्यांचा हिशेब चुकला असता, नाहीतर नियम तपासावा लागला असता. दोन्ही होऊ शकलं असतं. म्हणून हे चित्र महत्त्वाचं. धन्यवाद."

भाषण पाच मिनिटांच्या आत संपलं. "दोन्ही होऊ शकलं असतं" हे वाक्य तिचं स्वतःचं. माझ्याकडून तिला ते मिळालं नव्हतं.

प्रश्न, आणि एक चूक

परिपाठानंतर पाणी प्यायला जाताना मुलांनी तिला गाठलं. आठवीतल्या एकानं विचारलं, "तो केशरी रंग खरा आहे का?" तिनं सांगितलं, नाही, त्या लहरी डोळ्याला दिसतच नाहीत, रंग फक्त कुठं उजेड जास्त आणि कुठं कमी ते दाखवायला दिलाय. एका बाजूला उजेड जास्त का, याचं उत्तर तिनं मला द्यायला लावलं: वायू प्रचंड वेगानं फिरतोय, आणि त्याची जी बाजू आपल्याकडे येतेय ती जास्त उजळ दिसते.

मग सातवीतला एक मुलगा म्हणाला, "पुन्हा फोटो काढला तर तसाच येईल का?" हा प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं, कारण वजन की वायू हा सगळा भेद त्यातच आहे. पुन्हा काढलाय. 2018 च्या नोंदींतून, ग्रीनलंडची दुर्बीण सोबत घेऊन तयार झालेलं चित्र 2024 मध्ये आलं. कडं तेवढंच रुंद. पण उजळ भाग सुमारे 30 अंशांनी सरकलेला. वायू ढवळतो, उजेड फिरतो. वजन एका वर्षात बदलत नाही, म्हणून रुंदीही बदलली नाही. ती रुंदी वायूच्या एखाद्या योगायोगी आकारातून आली असती तर दुसऱ्या वेळी तीच येण्याचं काही कारण नव्हतं.

तिच्या भाषणात एक गोष्ट थोडी सैल राहिली आणि ती माझ्या सल्ल्यानं राहिली. कड्याची मोजलेली रुंदी आणि सावलीची रुंदी एकच नव्हे. चमकणारं कडं सावलीच्या काठावर बसतं, पण किंचित मोठं भरतं, आणि किती मोठं ते वायूच्या वागण्यावर अवलंबून असतं. संगणकावर वायूच्या शेकडो तऱ्हा करून बघून ती तफावत काढली गेली, आणि म्हणूनच 650 कोटींच्या मागंपुढं सुमारे 70 कोटींची अनिश्चितता आहे. संत्रं आणि लिंबू यांत ती अडचण येत नाही. पण संत्रं आणि मोसंबी असा प्रश्न असता तर या चित्रानं निकाल दिला नसता. एवढं एक वाक्य भाषणात बसलं असतं. पाच मिनिटांच्या धाकानं मी ते काढायला लावलं, आणि ते काढायला नको होतं.

चूक मात्र दुसरीच निघाली. दुसऱ्या दिवशी पाचवीतल्या एका मुलाची आई शाळेच्या फाटकाशी भेटली. "गुरुजी, चंद्रावर संत्रं सापडलंय म्हणं?" पोरानं घरी जाऊन तेच सांगितलं होतं. "असं समजा" हे तिनं सुरुवातीला एकदाच म्हटलं होतं, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या कानावरून ते निघून गेलं होतं. हातातलं संत्रं मात्र त्याला दिसत होतं. पुढच्या शनिवारी ती पाचवीच्या वर्गात गेली. त्यांना घेऊन भिंतीपाशी तोच प्रयोग पुन्हा केला, आणि तीनशे पावलांवर उभं राहून त्यांच्याकडूनच वदवून घेतलं, की इथून दिसतंय ते संत्रं आहे की लिंबू ते आपल्याला सांगता येत नाही.